नो क्लेम बोनस पन्नास टक्के, मग प्रीमियम वाढला कसा? वाहनविमा कंपन्यांना खुले पत्र

सांगली, नोव्हेंबर २०२५

प्रति,
सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद

स. न. वि. वि.

मी विश्रामबागेत राहते आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब पाहते. बंपरची किंमत काय, फेंडर कितीला येतो, विम्यातून त्यातले किती मिळाले आणि गिऱ्हाइकाने खिशातून किती भरले, हे रोज माझ्या डोळ्यांखालून जाते. यंदा माझ्या स्वतःच्या गाडीच्या विम्याची नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा मी ती नुसती भरून टाकली नाही. गेल्या वर्षीची पॉलिसी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. त्यातून जे दिसले ते आपल्याला आणि माझ्यासारख्या प्रत्येक विमाधारकाला सांगायला हे पत्र लिहीत आहे. माझ्या कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. दुकानात येणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या नोटिशी मी पाहिल्या आहेत आणि तऱ्हा बहुतेकींची सारखीच आहे.

माझी गाडी ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०२१ च्या दिवाळीत घेतलेली. जुनी गाडी विकताना तिच्यावरचा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मी या गाडीवर आणला होता, कारण हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. त्यानंतर एकही क्लेम केला नाही. त्यामुळे बोनस २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत यंदा ५० टक्क्यांवर पोहोचला. याच्या वर पायरी नाही. नोटिशीवर ठळक अक्षरांत अभिनंदनही छापलेले होते. आणि त्याच्याच खाली भरायची रक्कम होती जीएसटीसह १४,५८४ रुपये. गेल्या वर्षी मी १०,७२६ भरले होते. गाडी एक वर्षाने जुनी झाली, बोनस पाच टक्क्यांनी वाढला, क्लेम शून्य, तरी ३,८५८ रुपये जास्त.

ही वाढ कुठून आली ते आता सांगते.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा प्रीमियम यात दोषी नाही. तो केंद्र सरकार ठरवते. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला तो जून २०२२ पासून ३,४१६ रुपये आहे आणि माझ्या दोन्ही कागदांवर तोच आकडा आहे. या रकमेवर नो क्लेम बोनस लागत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. बोनस लागतो तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर. तेव्हा खरा प्रश्न असा की पन्नास टक्के कशाचे.

गेल्या वर्षी माझ्या गाडीची विमित किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४,५०,००० होती आणि बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम ७,१८० रुपये. यंदा आयडीव्ही ३,७५,००० आहे आणि तोच प्रीमियम ८,३७६. गाडीची किंमत पाऊण लाखाने उतरली आणि तिच्या नुकसानीचा विमा मात्र महागला. आयडीव्हीच्या दर लाखामागे हिशेब केला तर गेल्या वर्षी सुमारे १,५९६ रुपये पडत होते, यंदा २,२३४ पडतात. या ८,३७६ मधून पन्नास टक्के, म्हणजे ४,१८८ वजा केले की ४,१८८ उरतात. गेल्या वर्षी ४५ टक्के वजा होऊन ३,९४९ उरले होते. म्हणजे बोनस वाढूनही बोनसनंतरची रक्कम २३९ रुपयांनी जास्तच आहे.

याचे कारण आमच्या एजंटदादांनी सांगितले आणि ते नोटिशीवर कुठेही नाही. ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्यांच्या हाती आहेत. तरी पायाभूत हिशेबासाठी अजून जुन्या टॅरिफचाच, म्हणजे ठरवून दिलेल्या जुन्या दरपत्रकाचाच आधार घेतला जातो. पुणे-मुंबईसारखी आठ शहरे वगळता बाकी सारा देश त्यात ब विभागात येतो, म्हणून सांगलीही ब मध्ये. १,००० ते १,५०० सीसीच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या गाडीला तिथे आयडीव्हीच्या ३.१९१ टक्के असा दर आहे. त्यावर कंपनी आपल्या मर्जीने सवलत देते. गेल्या वर्षी मला ती ५० टक्के दिली होती, यंदा ३०. जुनी सवलत कायम ठेवली असती तर बोनस वजा करून मला २,९९२ रुपये पडले असते. पडले ४,१८८.

सवलत किती द्यायची हा आपला व्यावसायिक निर्णय आहे. दुरुस्तीचे दर वाढले आहेत, मजुरी वाढली आहे, हे मला दुकानात बसून दिसते. कमी सवलतीची कारणे असतील तर ती सांगा. माझा आक्षेप ती लपवण्याला आहे. बोनसचा आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा आणि ज्या आकड्यावर तो लागतो तो गुपचूप वाढवायचा, याने विमाधारकाची दिशाभूल होते. आणि ही सवलत किती लवचिक आहे तेही मला लगेच कळले. नूतनीकरणासाठी फोन करणाऱ्याला मी म्हटले, दुसऱ्या कंपनीकडे जाते. त्याने तिथल्या तिथे तीसची पंचेचाळीस टक्के केली. जो भांडतो त्याला एक दर आणि जो विश्वासाने वर्षानुवर्षे त्याच कंपनीत राहतो त्याला दुसरा. मिरजेतले एक निवृत्त शिक्षक आमच्या दुकानात येतात. ते नोटीस आली की त्याच दिवशी चेक देतात. त्यांनी घासाघीस करायला शिकावे अशी आपली अपेक्षा आहे का?

आता ॲड-ऑनकडे, म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा पैसे देऊन घ्यायच्या संरक्षणांकडे येते. गेल्या वर्षी माझ्या पॉलिसीत दोनच होते : झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारे, १,५७५ आणि रस्त्यावरची मदत १५०. यंदाच्या नोटिशीत सहा आहेत. झिरो डेप २,२५०, इंजिन संरक्षण ७५०, कन्झ्युमेबल्स म्हणजे दुरुस्तीत लागणारे तेल, नट-बोल्ट वगैरे ३७५, बोनस संरक्षण ६००, किल्ली बदल ३००, रस्त्यावरची मदत १५०. बेरीज ४,४२५. यातल्या एकाही रकमेवर बोनस लागलेला नाही. जो बोनस मी इतक्या वर्षांत सांभाळून गाडी चालवून मिळवला, त्याचे ४,१८८ रुपये या सहा ओळींनी संपवले आणि वर २३७ रुपये मागितले. यातले चार मी मागितले नव्हते. कोणी विचारले नाही, मी कुठे सही केली नाही, तरी ते रकमेत धरलेले होते.

ॲड-ऑन म्हणजे सरसकट फसवणूक असे मी म्हणणार नाही, उलट दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगते. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात आणि चार वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर ३५ टक्के. बाजारात टेम्पो मागे येऊन बंपर फुटला आणि नवा १२,००० ला आला, तर झिरो डेप नसेल तर ६,००० मालकाचे. वर एक हजाराची सक्तीची कपात वेगळी. गाडी जुनी होते तसा हा घसारा वाढत जातो, म्हणून झिरो डेप महागणे समजू शकते. पण आयडीव्हीच्या ०.३५ टक्क्यांवरून ते एकदम ०.६० टक्क्यांवर गेले, तर एक ओळ खुलासा द्यायला हवा होता.

दुसरे इंजिन संरक्षण. आयर्विन पुलाजवळ पाणी पंचेचाळीस फुटांवर गेले की सांगलीत काय होते हे इथे कोणाला सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही पाहिला आहे. पुराचे नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत बसते, पण पाण्यात उभी असलेली गाडी चालू केली, इंजिनात पाणी ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते मालकाच्या कृतीने झालेले नुकसान म्हणून नाकारले जाते. त्या पुरानंतर इंजिन उघडून ठेवलेल्या गाड्या गॅरेजच्या दारात किती दिवस उभ्या होत्या! म्हणून हे ७५० रुपये मी स्वतःहून देईन. पण आपण ते माझ्या यादीत घातले ते न विचारता, आणि सोबत हे सांगितले नाही की पाण्यातली गाडी चालू करूच नये, ती टोइंगने न्यावी. नदीकाठच्या माणसाला याच माहितीची जास्त गरज आहे.

आणि किल्लीचे तीनशे रुपये कोणासाठी आहेत?

बोनस संरक्षणाबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. एक क्लेम केला की बोनस ५० वरून थेट शून्यावर येतो आणि पुन्हा वर यायला पाच बिनक्लेम वर्षे लागतात. बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम सोयीसाठी ८,००० धरा. क्लेमनंतरच्या पहिल्या नूतनीकरणात ४,००० जास्त जातात, दुसऱ्यात बोनस २० असल्याने २,४००, मग २,०००, मग १,२००, शेवटी ४००. बेरीज १०,००० आणि जीएसटी धरून ११,८००. वरच्याच बंपरचा क्लेम झिरो डेपमधून केला तर एक हजार कपात होऊन हाती ११,००० येतात. म्हणजे क्लेम मंजूर झाला तरी मालक आठशेंनी खड्ड्यात. दुकानात येणाऱ्याला मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते, तेव्हा तो बंपर स्वतः बदलून घेतो. हे काम खरे तर क्लेम नोंदवणाऱ्या आपल्या माणसाचे आहे.

सहाशे रुपयांचे बोनस संरक्षण या धोक्यावरचा उपाय म्हणून विकले जाते. रोज गर्दीतून गाडी काढणाऱ्याला ते परवडूही शकेल. पण त्यात किती क्लेम चालतात आणि कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक कंपनीत वेगळे आहे आणि नोटिशीवर त्याचा एक शब्द नाही. शिवाय ते जपते फक्त टक्केवारी. आपल्या मर्जीची सवलत ते जपत नाही. मी क्लेम करीन, माझे ५० टक्के शाबूत राहतील आणि पुढच्या वर्षी आपण सवलत तीसवरून दहावर आणाल, तर त्या संरक्षणाचा मला उपयोग काय? विकण्याआधी हे सांगितले गेले पाहिजे.

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे ३३० रुपयेही यंदा घुसडले आहेत. हा विमा सक्तीचा आहे, खरे. पण तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा ज्याच्याकडे आहे त्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही, घोषणापत्र पुरते. ते मी गेल्या वर्षी दिले होते आणि ते आपल्या दप्तरात आहे.

आता फोनबद्दल. मुदत संपायच्या आधी दोन दिवस फोन सुरू झाले की आज भरले नाही तर बोनस बुडेल. हे खरे नाही. मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले तर बोनस टिकतो. खरा धोका निराळा आहे. मधल्या काळात गाडीला काही झाले तर एक रुपया मिळत नाही, तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई स्वतःच्या घरातून द्यावी लागते, विमा नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. खंड पडला की गाडीची तपासणीही मागे लागते. माणसाला वेळेवर भरायला लावायला ही खरी कारणे पुरेशी आहेत. खोटी भीती घालून त्याला ॲड-ऑनची यादी वाचायला वेळ मिळू द्यायचा नाही, हे थांबवा.

आणि ज्याची मला सर्वांत जास्त चीड आली ते शेवटी सांगते. मी रक्कम जास्त आहे म्हटल्यावर फोनवरचा माणूस म्हणाला, मॅडम, आयडीव्ही ३,१०,००० करू, प्रीमियम लगेच उतरेल. मी हिशेब केला. ६५,००० ने आयडीव्ही उतरवून ओन डॅमेज प्रीमियममध्ये जीएसटीसह वाचतात साधारण साडेआठशे रुपये. गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडून दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर पूर्ण नुकसान धरून मिळते ते आयडीव्हीच्या हिशेबाने. म्हणजे साडेआठशेसाठी पासष्ट हजारांवर पाणी. हे तो बोलला नाही. माझ्या ॲड-ऑनमधली किल्ली काढू का, असेही त्याने विचारले नाही. जे काढले तर कंपनीचे उत्पन्न घटते ते तसेच ठेवायचे आणि जे काढले तर विमाधारकाचे संरक्षण घटते ते आधी काढायचे, ही पद्धत पूर पाहिलेल्या गावात तर अजिबात चालणार नाही.

या सगळ्यावर माझ्या मागण्या साध्या आहेत.

नूतनीकरणाच्या नोटिशीवर गेले वर्ष आणि हे वर्ष असे दोन रकाने शेजारी शेजारी छापा. त्यात आयडीव्ही, सवलतीआधीचा ओन डॅमेज प्रीमियम, कंपनीची सवलत, बोनस आणि ॲड-ऑनची बेरीज रुपयांत दिसू द्या. कंपनीची सवलत कमी केली असेल तर कारण एका ओळीत लिहा.

गेल्या वर्षी नसलेला कोणताही ॲड-ऑन विमाधारकाने लेखी किंवा ओटीपीने होकार दिल्याशिवाय रकमेत धरू नका. प्रत्येकासमोर त्याची किंमत आणि वर्षाला किती क्लेम चालतात ही मर्यादा लिहा.

विमाधारकाच्या लेखी संमतीशिवाय आयडीव्ही बदलू नका, आणि बदल सुचवताना पूर्ण नुकसानीत किती रुपये कमी मिळतील तो आकडा सांगा.

नोटीस मुदतीच्या किमान तीस दिवस आधी मराठीत पाठवा आणि बोनसच्या ९० दिवसांचा नियम तीत छापा.

नियामक प्राधिकरणाला माझी विनंती आहे की हा दोन रकान्यांचा नमुना सर्व कंपन्यांना सक्तीचा करावा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नोटिशी आज शेजारी ठेवल्या तर तुलनाच करता येत नाही, कारण प्रत्येकीची मांडणी निराळी असते.

माझ्यापुरते म्हणाल, तर मी झिरो डेप, इंजिन संरक्षण आणि रस्त्यावरची मदत ठेवून बाकी तीन ॲड-ऑन आणि अपघात विमा काढायला लेखी कळवले आहे. ३० टक्के सवलत तशीच धरली तरी रक्कम जीएसटीसह १२,६९० होते. आयडीव्ही ३,७५,००० च राहील. सवलत वीस टक्क्यांनी का घटली, याचे उत्तर मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे त्याच पत्रात मागितले आहे. महिन्याभरात ते आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर प्रीमियमच्या वादासाठी पुण्यातल्या विमा लोकपालांकडे दोन्ही वर्षांचे कागद घेऊन जाणार आहे.

आपली,
एक विमाधारक
विश्रामबाग, सांगली